सहा आकडे फोनवर सांगितले आणि मावशीचं व्हॉट्सॲप गेलं: दुसरं कुलूप कसं लावायचं

मागच्या श्रावणातली गोष्ट. मिरजेला राहणाऱ्या माझ्या मावशीला सकाळी अकराच्या सुमारास फोन आला. आवाज एका बाईचा, बोलणं अगदी अदबीचं. "काकू, तुमच्या शेजारच्या काकूंकडून तुमचा नंबर मिळाला. बायकांसाठी मोफत ऑनलाइन योगवर्ग सुरू करतोय आम्ही. तुमचं नाव ग्रुपमध्ये घालतेय. आत्ता तुमच्या मोबाइलवर सहा आकड्यांचा एक नंबर येईल, तेवढा सांगा, म्हणजे नोंदणी पक्की." मावशीचे गुडघे दुखतात, योगाचं तिच्या मनात होतंच. फोन चालू असतानाच मेसेज आला. तिने चष्मा लावला, आकडे वाचले आणि एकेक करून सांगितले.

पाच मिनिटांनी तिच्या फोनवरचं व्हॉट्सॲप बंद पडलं. हा नंबर आता दुसऱ्या फोनवर चालू आहे, अशा अर्थाची इंग्रजी सूचना आली. तिला वाटलं, नेट गेलं. अर्ध्या तासाने मला मावशीच्या नावाने मेसेज आला: "Arjant 15000 pathav na, mera UPI chalat nahi, sandhyakali dete." मावशी कधीच टाइप करत नाही, ती बोलून मेसेज पाठवते. तेवढ्यावरून मला शंका आली आणि मी तिला साधा फोन लावला. माझ्या मामेभावाला मात्र शंका आली नव्हती. त्याने पैसे पाठवले होते.

त्या दिवसानंतर मी आमच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या फोनवर टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे दोन टप्प्यांची पडताळणी, स्वतः बसून चालू करून दिली. तेव्हा लोकांनी जे प्रश्न विचारले, तेच धरून हे लिहिते आहे. सुरुवात व्हॉट्सॲपपासून करते, कारण ते प्रत्येकाच्या हातात आहे आणि तिथे ही गोष्ट सगळ्यात सोपी करून समजते.

त्या पाच मिनिटांत काय झालं

व्हॉट्सॲपला तुमचं नाव, चेहरा, पत्ता काही ठाऊक नसतं. त्याला फक्त मोबाइल नंबर कळतो. नवीन फोनवर व्हॉट्सॲप टाकून कोणीही कुठलाही नंबर लिहू शकतं. मग व्हॉट्सॲप त्या नंबरवर सहा आकडी कोड पाठवतं. विचार असा की ज्याच्या हातात ते सिमकार्ड आहे त्यालाच तो कोड दिसेल, म्हणजे नंबर त्याचाच. कोड बरोबर टाकला की खातं नव्या फोनवर चालू होतं आणि जुन्या फोनवरून निघून जातं.

त्या बाईने, किंवा तिच्या शेजारी बसलेल्या कोणीतरी, आपल्या फोनवर मावशीचा नंबर लिहिला होता. मावशीला आलेला मेसेज योगवर्गाचा नव्हताच. तो व्हॉट्सॲपने पाठवला होता आणि त्यात इंग्रजीत स्पष्ट लिहिलं होतं की हा तुमचा व्हॉट्सॲप कोड आहे, तो कोणालाही देऊ नका. मावशीने आकडे वाचले, पण त्यांच्या आजूबाजूची अक्षरं वाचली नाहीत. कानाला कोणी बोलत असताना माणूस नेमकं हेच करतो, आणि म्हणूनच हे लोक फोन चालू ठेवतात.

शेजारच्या काकूंचं नाव त्यांना कसं कळलं? त्यांचं खातं आदल्याच दिवशी गेलं होतं. चोर खात्यात शिरला की तो ज्या ज्या ग्रुपमध्ये असेल तिथल्या सगळ्यांचे नंबर त्याला दिसतात. सोसायटीचा ग्रुप, भिशीचा ग्रुप, शाळेच्या मैत्रिणींचा ग्रुप. एका खात्यातून पुढच्या पन्नास घरांची दारं दिसतात. तुमचे जुने मेसेज मात्र त्याला आपोआप वाचता येत नाहीत, कारण ते तुमच्या फोनमध्ये साठवलेले असतात. त्याला जुन्या मेसेजांची फारशी गरजही नसते. त्याला हवी असते तुमच्या नावावरची लोकांची माया.

दुसरं कुलूप लावायचं कसं

वरच्या सगळ्या प्रकारात खात्याला एकच कुलूप होतं: मेसेजने आलेला कोड. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू केलं की त्या कोडानंतर व्हॉट्सॲप आणखी एक पिन विचारतं. हा पिन सहा आकडीच असतो, पण तो तुम्ही ठरवलेला असतो आणि कुठल्याही मेसेजमधून येत नाही. मावशीने हे आधी केलेलं असतं, तर कोड सांगूनही ती बाई पिनच्या खिडकीपाशी अडकली असती.

करायला तीन-चार मिनिटं लागतात. फोन घेऊनच बसा.

१. व्हॉट्सॲप उघडा. अँड्रॉइड फोनवर वर उजवीकडच्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवा आणि `Settings` निवडा. आयफोनवर हे खालच्या पट्टीत उजव्या टोकाला मिळतं.

२. `Account` मध्ये जा, तिथे `Two-step verification` दिसेल. त्यात `Turn on` दाबा. व्हॉट्सॲप मराठीत ठेवलं असेल तर शब्द मराठीत दिसतील, पण जागा हीच.

३. सहा आकडी पिन टाका. तोच पुन्हा टाका.

४. आता ईमेलचा पत्ता विचारला जाईल. हा टप्पा वगळून पुढे जाता येतं आणि बहुतेक लोक तसंच करतात. तुम्ही करू नका. स्वतःचा, चालू असलेला, उघडता येणारा ईमेल लिहा आणि त्यावर पडताळणीचा कोड आला तर तो त्याच खिडकीत टाका.

पिन कोणता ठेवायचा, यावर प्रत्येक घरात चर्चा होते. जन्मतारीख, लग्नाची तारीख, १२३४५६, घराचा पिनकोड हे सगळे टाळा. घराचा पिनकोड सहा आकडीच असल्यामुळे लोकांना तो हमखास सुचतो, पण तो सगळ्या जगाला ठाऊक असतो. एटीएमचा किंवा यूपीआयचा पिनही इथे वापरू नका. लक्षात राहणार नाही अशी भीती वाटत असेल तर घरातल्या एखाद्या वहीत लिहून कपाटात ठेवा. पाकिटात किंवा फोनच्या कव्हरमध्ये चिठ्ठी ठेवू नका, कारण फोन आणि चिठ्ठी एकत्रच चोरीला जातात.

चालू केल्यावर व्हॉट्सॲप अधूनमधून स्वतःहून हा पिन विचारतं. मावशीने घाबरून मला फोन केला होता, "अगं, पुन्हा कोणीतरी मागतंय!" ते कोणी मागत नसतं. तुम्ही विसरू नये म्हणून ॲप तो तुमच्याकडून घोकून घेत असतं. ॲप उघडल्यावर त्याच्याच पडद्यावर पिन विचारला गेला तर टाकायचा. फोनवरून, मेसेजमधून किंवा कुठल्या लिंकवर विचारला तर टाकायचा नाही.

विसरलात तर? फोन हातात असेल आणि व्हॉट्सॲप चालू असेल तर त्याच ठिकाणी `Change PIN` आहे. नव्या फोनवर जाताना विसरलात तर दिलेल्या ईमेलवरून तो नव्याने ठरवता येतो. ईमेल दिलेला नसेल तर मात्र सात दिवस थांबावं लागतं. सात दिवस व्हॉट्सॲपविना राहिलेल्या माणसाला ईमेलचा टप्पा वगळल्याचा पश्चात्ताप होतो, हे मी पाहिलं आहे.

आता एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. पिनची किल्ली ईमेलकडे आहे, मग ईमेलला काय आहे? ज्यांचं जीमेल आहे त्यांनी `myaccount.google.com` उघडून सुरक्षेच्या भागात, म्हणजे `Security` मध्ये, `2-Step Verification` चालू करावं. तिथे पासवर्डनंतर तुमच्या फोनवर एक प्रश्न येतो की आत्ता तुम्हीच लॉगिन करताय का. तुम्ही काहीच करत नसताना हा प्रश्न आला तर 'नाही' दाबायचं. कोणी फोनवर "आता 'हो' दाबा" म्हणत असेल, तर तो 'हो' म्हणजे न बोलता दिलेला ओटीपीच आहे. तिथेच राखीव कोडही मिळतात, प्रत्येकी आठ आकड्यांचे दहा. एक कोड एकदाच चालतो. फोन हरवला की तेच कामी येतात, म्हणून ते कागदावर उतरवून वहीत ठेवा.

ओटीपी बँकेचा असतो तेव्हा

व्हॉट्सॲपचा कोड आणि बँकेचा ओटीपी यांची जात एकच. आपल्याकडे कार्डाने ऑनलाइन खरेदी करताना ही दुसरी पायरी रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून सक्तीची केली. कार्डाचा नंबर, मुदतीची तारीख आणि मागचे तीन आकडे चोराला मिळाले तरी पैसे जाऊ नयेत, यासाठी. हे आकडे त्याला मिळवता येतात. बनावट वेबसाइटवर तुम्हीच कधीतरी भरलेले असतात, किंवा बोलता बोलता काढून घेतलेले असतात. ओटीपी मात्र त्याच घडीला तुमच्या फोनवर जन्माला येतो आणि काही मिनिटांत मरतो. तो आधी चोरून ठेवता येत नाही. म्हणून चोराला फोन करावाच लागतो, आणि त्याच्या बोलण्यात घाई असतेच असते. "लवकर सांगा सर, वेळ संपतोय" हे त्याचं एकच वाक्य खरं असतं. त्याच्या समोरच्या पडद्यावरचा वेळ खरोखरच संपत असतो.

एक प्रसंग उलगडून बघू. तुम्हाला फोन येतो: "मी बँकेच्या फ्रॉड विभागातून बोलतोय. तुमच्या खात्यातून आत्ता २४,९९९ रुपये कोणीतरी काढतंय. तुम्ही करताय का हा व्यवहार?" तुम्ही घाबरून नाही म्हणता. "मग आपण तो लगेच रद्द करू. रद्द करण्याचा ओटीपी आलाय बघा." आणि खरोखरच ओटीपी येतो, खरोखरच तुमच्या बँकेच्या नावाने येतो. हा सगळ्यात धारदार डाव आहे, कारण तुम्ही लोभाने फसत नसता. तुम्ही पैसे वाचवायला धावत असता.

इथे थांबून मेसेज पहिल्या अक्षरापासून वाचा. त्यात लिहिलेलं असतं की अमुक आकड्यांनी संपणाऱ्या कार्डावरून २४,९९९ रुपयांच्या खरेदीसाठी हा ओटीपी. खरेदीसाठी, रद्द करण्यासाठी नाही. ओटीपी काम पुरं करतो. जो व्यवहार तुम्हाला नको आहे तो थांबवायला काहीच करावं लागत नाही. ओटीपी टाकला नाही की तो आपोआप बारगळतो. बँकेला तुमचा व्यवहार अडवायचा असेल तर ती तो आपल्याकडूनच अडवते. आणि ओटीपी बँकेच्याच यंत्रणेने तयार केलेला असतो. ज्याने पाठवला त्याला तो तुमच्याकडून ऐकायची गरज का पडावी?

माझ्या मते फोनवरच्या माणसाची पारख करत बसण्यात अर्थ नाही. तो तुमचं पूर्ण नाव सांगेल, बँकेची शाखा सांगेल, कार्डाचे सुरुवातीचे आकडेही सांगेल. सुरुवातीच्या आकड्यांवरून तर फक्त कार्ड कुठल्या बँकेचं आणि कोणत्या प्रकारचं ते कळतं, त्यामुळे ते हजारो ग्राहकांचे सारखेच असतात. जानेवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं की ग्राहकांना व्यवहाराचे आणि सेवेचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच करायचे. साध्या दहा आकडी मोबाइलवरून 'बँक' बोलत असेल तर एवढ्यावर फोन ठेवायला हरकत नाही. पण १६०० दिसला तरी ओटीपी सांगायचा नाहीच. फोन ठेवून कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर तुम्ही स्वतः फोन करा. इंटरनेटवर शोधून मिळालेला 'कस्टमर केअर'चा नंबर नको, तिथेही हेच लोक आपले नंबर पेरून ठेवतात.

मग सिलिंडरवाल्याला का सांगतो आपण?

हा प्रश्न मला एका आजोबांनी विचारला आणि तो अगदी रास्त आहे. गॅस सिलिंडर दारात आला की माणूस कोड मागतो. रिक्षा-टॅक्सीच्या ॲपमध्ये ड्रायव्हरला आकडे सांगावे लागतात. महागडी वस्तू घरपोच आली की पोचवणारा ओटीपी विचारतो. आठवड्यातून दोनदा आपण ओटीपी सांगतो आणि तिसऱ्यांदा सांगितला की लोक म्हणतात, फसलात! गोंधळ होणारच.

फरक असा. सिलिंडरचा कोड म्हणजे पोचपावती. वस्तू दारात आहे, माणूस समोर उभा आहे, आणि मेसेजमध्येही त्या सिलिंडरचं किंवा पार्सलचंच नाव आहे. तो कोड मिळाल्याने त्याला तुमच्या पैशांत किंवा खात्यात शिरता येत नाही, फक्त 'माल पोचला' अशी नोंद होते. म्हणून तो वस्तू ताब्यात घेतल्यावर सांगायचा, आधी नाही. टॅक्सीचे आकडे गाडीत बसल्यावर सांगायचे, तेही गाडीचा नंबर ताडून. हे दोन्ही समोरासमोर होतं. "तुमचं पार्सल परत चाललंय, ओटीपी सांगा म्हणजे थांबवतो" असा फोन आला तर तो पोचपावतीचा प्रकार नव्हेच. पार्सल समोर नाही, मग पोचपावती कसली? आजोबांना मी एवढंच लक्षात ठेवायला सांगितलं: फोनवर कोणताच आकडा नाही. दारातल्या माणसाला सांगायचाच असेल तर आधी मेसेज मोठ्याने वाचा, त्यात त्याच्याच मालाचं नाव असेल तर सांगा.

न सांगताही ओटीपी जातो तो असा

"मी तर कोणाला काही सांगितलंच नाही" असं म्हणणारेही फसलेले आहेत आणि ते खोटं बोलत नसतात.

एक मार्ग कॉल जोडण्याचा. ओटीपी मेसेजशिवाय फोनवरूनही ऐकवला जातो. तुम्हाला फोन येतो, बोलणारा तुमच्या मित्राची ओळख सांगतो आणि म्हणतो, "तो दुसऱ्या नंबरवरून तुम्हाला लावतोय, कॉल जोडून घ्या, तिघं बोलू." तुम्ही दोन्ही कॉल एकत्र करता. तो दुसरा कॉल मित्राचा नसतो. ओटीपी वाचून दाखवणाऱ्या यंत्राचा असतो. तुम्हाला काय झालं ते कळायच्या आत पलीकडच्याने आकडे ऐकलेले असतात. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून कॉल जोडू नका.

दुसरा मार्ग कॉल वळवण्याचा. "नेटवर्क सुधारण्यासाठी" किंवा "डिलिव्हरी बॉयशी बोलण्यासाठी" म्हणून `*401*` किंवा `*21*` पासून सुरू होणारा आणि मध्ये एक मोबाइल नंबर असलेला कोड डायल करायला सांगतात. तसं केलं की तुमचे येणारे फोन त्या नंबरवर वळू शकतात, आणि मग व्हॉट्सॲपचा कोड तो माणूस मेसेजऐवजी फोनवर मागवून घेतो. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून अशा कोडने कॉल वळवणं बंद करायला कंपन्यांना सांगितलं होतं, तरी लोकांना असे कोड डायल करायला लावण्याचे प्रयत्न थांबलेले नाहीत. शंका असेल तर हा कोड डायल करा, त्याने सगळी वळवणी रद्द होते:

```
##002#
```

तिसरा मार्ग व्हॉट्सॲपमधलाच आहे आणि इथे तुमचा पिनही उपयोगाचा नाही, हे नीट समजून घ्या. व्हॉट्सॲप संगणकावर जोडता येतं. त्यासाठी एक चौकोनी कोड स्कॅन करतात किंवा आठ अक्षरांचा कोड आपल्या फोनमध्ये टाकतात. इथे उलटा प्रकार होतो: चोर तुम्हाला कोड देतो आणि तुमच्या फोनमध्ये टाकायला लावतो. "मी काही मागितलंच नाही, मीच देतोय," असं म्हणतो. तो टाकला की तुमचं व्हॉट्सॲप त्याच्या संगणकावरही दिसू लागतं. तुमच्या फोनवर काहीच बंद पडत नाही, त्यामुळे दिवसेंदिवस पत्ता लागत नाही. `Settings` च्या शेजारीच `Linked devices` मिळतं. तिथे तुमची नसलेली एकही वस्तू दिसली तर तिच्यावर बोट ठेवून `Log out` करा. महिन्यातून एकदा, लाइटबिल भरताना, ही यादी बघायची सवय मावशीने लावून घेतली आहे.

फोनची स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारी ॲप आणि लग्नपत्रिका किंवा वाहनाचं चलन म्हणून येणाऱ्या `.apk` फाइली याच जातीच्या. पहिल्यांत तो तुमचे मेसेज तुमच्यासोबतच वाचतो, दुसऱ्यांत फाइलमधलं ॲप तुमचे मेसेज परस्पर त्याला पाठवतं. पत्रिका `.apk` नसते. ती चित्र, व्हिडिओ किंवा `.pdf` असते.

सांगून बसलात तर

शरमेत वेळ जातो, आणि इथे मिनिटं मोजावी लागतात. बँकेचा ओटीपी गेला असेल तर पहिला फोन बँकेला, कार्डामागच्या नंबरवर: कार्ड, नेटबँकिंग, यूपीआय सगळं बंद करायला सांगा. लगेच दुसरा फोन १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर. पैसे कुठल्या बँकेतून, किती वाजता, किती गेले आणि मेसेजमधला व्यवहार क्रमांक एवढं जवळ ठेवा. पैसे चोराच्या खात्यात पोचले असतील पण बाहेर काढले गेले नसतील, तर ते तिथेच गोठवता येतात. म्हणून हा फोन पोलीस ठाण्यात जाण्याआधी करायचा. लेखी तक्रार `cybercrime.gov.in` वर करता येते.

बँकेला कळवल्याची वेळ नोंदवून ठेवा, तक्रार क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ही वेळ कळीची आहे. ग्राहकाने स्वतःच गुप्त आकडे सांगितल्यामुळे झालेलं नुकसान बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाचं, आणि कळवल्यानंतर होणारं बँकेचं, असं त्यात म्हटलं आहे. चूक ग्राहकाची नाही, बँकेचीही नाही, यंत्रणेत दुसरीकडेच कुठेतरी आहे, असा व्यवहार तीन कामकाजी दिवसांत कळवला तर ग्राहकाचं नुकसान शून्य. म्हणजे ओटीपी सांगितलेल्या माणसाला या नियमाचा आधार फोन लावल्या क्षणापासूनच मिळतो.

व्हॉट्सॲपचा कोड गेला असेल तर आपल्या फोनवर व्हॉट्सॲप पुन्हा उघडा, आपला नंबर टाका, नवा कोड येऊ द्या आणि टाका. तुमचा कोड बरोबर लागला की चोर त्याच क्षणी बाहेर फेकला जातो. चोराने मध्ये फार वेळा कोड मागवलेले असतील तर पुढचा कोड मागायला तुम्हाला काही तास थांबावं लागेल. घड्याळ पडद्यावरच दिसतं. तेवढ्या वेळात जवळच्या दहा-बारा लोकांना साधा फोन करा आणि सगळ्या ग्रुपवर सांगायला लावा की माझ्या नावाने कोणी पैसे मागितले तर पाठवू नका.

मावशीच्या बाबतीत आम्ही एवढं केलं. तिच्या फोनवर कोड आला, आम्ही टाकला, आणि पुढे पिन मागितला गेला. तो पिन त्या चोराने ठेवला होता. मावशीने न लावलेलं दुसरं कुलूप त्याने आपल्या हाताने लावून टाकलं होतं. पण कोड टाकल्यामुळे तो बाहेर पडला होता आणि पैशांचे मेसेज थांबले. आमच्या हातात सात दिवस वाट पाहणं उरलं. मामेभावाने १९३० ला फोन केला, पण तोपर्यंत दोन तास उलटून गेले होते आणि त्याचे पंधरा हजार पुढे सरकले होते. ते अजून आलेले नाहीत. आठव्या दिवशी मावशीचं खातं पिनशिवाय उघडलं. `Linked devices` ची यादी रिकामी आहे का ते आम्ही आधी बघितलं, मग तिने स्वतःचा पिन स्वतः टाकला. तो मलाही सांगितला नाही.